चूक कोणत्या कोफॅक्टरमध्ये आहे, ते ओळखायचं कसं?

मॅडम, मी सोलापुरात डिप्लोमा मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम. गणिताच्या पेपरला चार आठवडे राहिलेत आणि मॅट्रिक्स-डिटरमिनंट माझं सगळ्यात कच्चं आहे. गणित सुरू करतो तेव्हा येतंय असं वाटतं, पण शेवटी उत्तर चुकतं आणि कुठं चुकलं ते सापडत नाही. मग सगळं परत पहिल्यापासून करत बसतो. घरात माग चालू असतात, त्यामुळं रात्री नऊनंतर तासभरच बसता येतं. चार आठवड्यांत हा धडा कसा बसवू?
— पूर्व भागातला एक विद्यार्थी

रोजचा तास पुरेल. फक्त त्या तासात दहा गणितं उरकायची नाहीत. दोन किंवा तीन गणितं घ्यायची आणि प्रत्येक तपासायचं. तपासायचं म्हणजे मागच्या पानावरचं उत्तर बघायचं नाही, परीक्षेत ते पान नसतं. गणिताच्या आतूनच चूक सापडते, आणि या धड्यात ती इतक्या सहज सापडते, की ही सोय बाकीच्या धड्यांत असती तर माझ्या नोकरीतल्या निम्म्या उत्तरपत्रिका वाचल्या असत्या.

पहिला आठवडा फक्त डिटरमिनंटचा. त्याची ओळख तुला आहेच. दहावीच्या बीजगणितात दोन चलांच्या समीकरणांसाठी 'निश्चयक' आणि क्रेमरची पद्धत होती, तेच हे. ज्या गॅब्रिएल क्रेमरच्या नावानं ती पद्धत चालते, तो जिनिव्हाचा, आणि त्यानं ती १७५० साली छापली. तेव्हा दोन ओळींचा निश्चयक होता, आता तीन ओळींचा आला, एवढाच फरक. पण या फरकात तीन वेगवेगळ्या उणे चिन्हांची गर्दी होते आणि बहुतेक पोरं तिथंच घसरतात.

चारही आठवडे आपण एकच मॅट्रिक्स धरून चालू. पहिल्या पानावर लिहून ठेव:

```
      |  1   1   1 |
A  =  |  2  -1   1 |
      |  1   2  -1 |
```

दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या आकड्याचा, म्हणजे 2 चा कोफॅक्टर काढू. त्याची ओळ आणि त्याचा स्तंभ झाकला की उरतात वर 1, 1 आणि खाली 2, -1. त्यांचा मायनर 1×(-1) − 1×2, म्हणजे -3. या जागेचं चिन्ह उणे, म्हणून कोफॅक्टर +3. इथं एक उणे आकड्याचं आहे, एक ad − bc मधलं आहे आणि एक जागेचं. तिन्ही एकाच ओळीत घाईनं लिहिली की एखादं गळतंच. म्हणून या आठवड्यात एक शिस्त पाळ: मायनर आधी स्वतंत्र ओळीवर काढायचा आणि त्याची किंमत लिहायची. जागेचं चिन्ह त्याच्या खालच्या ओळीवर लावायचं. कागद जास्त लागेल, लागू दे.

जागेची चिन्हं वरच्या डाव्या कोपऱ्यातून अधिक, उणे, अधिक अशी आलटून पालटून येतात. हे पाठ असतं सगळ्यांना. पण ते जागेचं चिन्ह आहे, आकड्याचं नाही, हे विसरतात. मधल्या जागेवर -1 आहे म्हणून त्याचा कोफॅक्टर उणे धरणारी उत्तरपत्रिका मला दरवर्षी भेटायची. त्या जागेचं चिन्ह अधिक आहे. कोफॅक्टर -2 येतो खरा, पण तो त्याच्या मायनरमुळं. तिथं बसलेल्या आकड्याचा त्यात काही हात नाही, तो आकडा तर आपण झाकलेला असतो.

सोमवार ते बुधवार रोज एका मॅट्रिक्सचे नऊच्या नऊ कोफॅक्टर काढ. वरच्या A चे असे येतील:

```
-1    3    5
 3   -2   -1
 2    1   -3
```

आता डिटरमिनंट. पहिल्या ओळीचे आकडे आणि त्यांचेच कोफॅक्टर यांचा गुणाकार करून बेरीज: 1×(-1) + 1×3 + 1×5 = 7. पाठोपाठ तोच डिटरमिनंट पहिल्या स्तंभानं काढ: 1×(-1) + 2×3 + 1×2 = 7. दोन वाटांनी एकच आकडा आला. गुरुवारपासून एकही डिटरमिनंट एका वाटेनं सोडायचा नाही.

आणि एक गंमत बघून ठेव, तिसऱ्या आठवड्यात तीच कामाला येणार आहे. पहिल्या ओळीचे आकडे घे, पण कोफॅक्टर दुसऱ्या ओळीचे: 1×3 + 1×(-2) + 1×(-1) = 0. एका ओळीचे आकडे आणि परक्या ओळीचे कोफॅक्टर यांची बेरीज नेहमी शून्यच येते. कारण अवघड नाही. दुसऱ्या ओळीचे कोफॅक्टर काढताना दुसरी ओळ झाकलेली असते, म्हणजे तिथं काय आकडे आहेत याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. तिथं पहिलीच ओळ परत लिहिली आहे असं समज. मग ही बेरीज म्हणजे दोन ओळी सारख्या असलेला डिटरमिनंट, आणि तो शून्य असतो.

शनिवार-रविवारी डिटरमिनंटचे गुणधर्म वाच, त्यातला एक घासून पक्का कर. मॅट्रिक्सला 2 नं गुणलं तर नऊच्या नऊ आकडे दुप्पट होतात. डिटरमिनंटला 2 नं गुणलं तर फक्त एकच ओळ, किंवा एकच स्तंभ दुप्पट होतो. त्यामुळं आपल्या A साठी |2A| हे 14 नाही, तीन ओळींतून प्रत्येकी एक 2 बाहेर येतो, म्हणून 8×7 = 56. कंस आणि उभ्या रेघा यांतला हा फरक दोन गुणांच्या प्रश्नात हमखास पकडतात.

दुसरा आठवडा हलका आहे. बेरीज, वजाबाकी, ट्रान्सपोज यांना दोन दिवस बस झाले, बाकीचे दिवस गुणाकाराला दे. घरात माग आहेत म्हणतोस, मग ताणा उभा आणि बाणा आडवा हे तुला मी सांगायला नको. गुणाकारात पहिल्या मॅट्रिक्समधून बाणा घ्यायचा, दुसऱ्यातून ताणा, आणि दोन्ही जिथं एकमेकांना छेदतात त्या जागी बेरीज लिहायची. डाव्या हाताचं बोट आडवं चालवायचं, उजव्या हाताचं उभं. हे बोटांचं चाळे वाटेल, पण परीक्षेतही करायला लाजू नकोस. पर्यवेक्षकांनी असली बोटं पुष्कळ बघितलेली असतात.

या आठवड्यात दोनच खड्डे आहेत. पहिला, A² म्हणजे प्रत्येक आकड्याचा वर्ग नाही, A गुणिले A. पहिली ओळ 1, 2 आणि दुसरी 3, 4 असलेली छोटी मॅट्रिक्स घे. तिचा A² म्हणजे 1, 4, 9, 16 नव्हे, तर 7, 10, 15, 22. दुसरा खड्डा याच मॅट्रिक्सवर A² − 5A − 2I हे शून्य मॅट्रिक्स आहे असं दाखवायला सांगतात तिथं आहे. पोरं शेवटी 2I ऐवजी नुसता 2 धरतात आणि चारही जागांतून 2 वजा करतात. मग उत्तर 0, -2, -2, 0 येतं आणि ती म्हणतात प्रश्नच चुकलाय. प्रश्न बरोबर असतो. I मध्ये फक्त कर्णावर 1 असतात, बाकी जागी शून्य, म्हणून 2 फक्त कर्णावरच्या दोन जागांतून जातो.

AB आणि BA सहसा वेगळे येतात, हे पुस्तकात वाचून सोडू नकोस, कुठल्याही दोन मॅट्रिक्स घेऊन एकदा स्वतःच्या हातानं करून बघ. (A+B)² उघडताना 2AB लिहायला हात शिवशिवतो तेव्हा हे आठवेल.

आता तिसरा आठवडा, म्हणजे तुझं खरं दुखणं. नऊ कोफॅक्टर, त्यांचा ट्रान्सपोज करून ॲडजॉइंट, त्याला |A| नं भागून इन्व्हर्स. वाट लांब आहे आणि मध्ये कुठंही पाय घसरला तरी ते शेवटीच कळतं. तर मग शेवटपर्यंत जायचंच नाही. ॲडजॉइंट लिहिला की तिथंच थांबायचं.

आपल्या A चा ॲडजॉइंट, म्हणजे वरचे कोफॅक्टर ओळींचे स्तंभ करून:

```
          | -1   3   2 |
adj A  =  |  3  -2   1 |
          |  5  -1  -3 |
```

आता A ला ॲडजॉइंटनं गुणायचं. बरोबर असेल तर A · adj A = |A| I, म्हणजे कर्णावर 7, 7, 7 आणि बाकी सगळीकडे शून्य. ही शून्यं कुठून आली ते पहिल्या आठवड्यात बघितलंस. परीक्षेत अख्खा गुणाकार करायला वेळ नसतो, आणि तशी गरजही नसते. A ची फक्त पहिली ओळ घे आणि ॲडजॉइंटच्या तिन्ही स्तंभांवर चालव. पहिला स्तंभ: -1+3+5 = 7. दुसरा: 3−2−1 = 0. तिसरा: 2+1−3 = 0. मिनिटभराचं काम. 7, 0, 0 आलं की पुढं जा.

आता समजा चूक झाली. तुझ्यासारखाच एक मुलगा दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या जागेचं उणे विसरला आणि तिथं -1 ऐवजी +1 लिहिलं. ट्रान्सपोजनंतर ॲडजॉइंटचा दुसरा स्तंभ 3, -2, 1 असा झाला. पहिली ओळ चालवली की येतं 7, 2, 0. मधे 2 कुठून आला? दुसरा स्तंभ बिघडलाय, आणि ॲडजॉइंटचा दुसरा स्तंभ म्हणजे A च्या दुसऱ्या ओळीचे कोफॅक्टर. बाकीचे सहा बरोबर आहेत, त्यांना हात लावायचा नाही. पहिल्यापासून परत करत बसण्याचा जो वैताग तू लिहिलायस, त्यातले दोन तृतीयांश इथंच वाचले.

उरलेल्या तिघांतला नेमका कोणता, तेही कळतं. बिघडलेल्या स्तंभावर A च्या बाकीच्या दोन ओळीही चालव. 6+2+1 = 9, आणि 3−4−1 = -2. यायला हवे होते 0, 7, 0. आलेत 2, 9, -2. म्हणजे जादा आलेत 2, 2, -2. आता A चे स्तंभ बघ. तिसरा स्तंभ आहे 1, 1, -1. त्याची बरोबर दुप्पट. म्हणजे चूक तिसऱ्या आकड्यात आहे आणि तो 2 नं जास्त झालाय. 1 मधून 2 गेले, -1. नवीन मायनर न काढता कोफॅक्टर दुरुस्त. जादा आलेले आकडे कुठल्याच स्तंभाच्या पटीत बसले नाहीत, तर त्या ओळीत एकापेक्षा जास्त चुका आहेत. मग ते तीन कोफॅक्टर सरळ परत काढायचे.

आणखी दोन लक्षणं ओळखायला शीक. शून्यं सगळी शून्यच आली, पण पहिल्या जागी 7 ऐवजी तुझ्या |A| पेक्षा वेगळा आकडा आला, तर खात्रीसाठी कर्णावरची दुसरी जागाही काढून बघ. तिथंही तोच आकडा असेल तर ॲडजॉइंट ठीक आहे, |A| काढताना चुकलास. तो कर्णावरचा आकडाच खरा |A|. आणि सगळाच गोंधळ आला, आपल्या उदाहरणात पहिल्या ओळीनं 7, 0, 0 ऐवजी 4, 2, 1 आलं, तर तू ट्रान्सपोज करायचा विसरलास. दहातल्या चार-पाच पोरांचं हेच होतं, हे माझं आपलं पेपर तपासतानाचं निरीक्षण.

या युक्तीला मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. A च्या पहिल्या ओळीत कुठं शून्य असेल, तर त्या जागेची चूक तिथं दिसणारच नाही, कारण शून्यानं गुणलं गेलं. अशा वेळी शून्य नसलेली दुसरी ओळ घ्यायची. दुसरी ओळ घेतली तर 0, 7, 0 यायला हवं. आणि एकाच स्तंभात दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील असंही होऊ शकतं, पण क्वचित.

तिसऱ्या आठवड्यात रोज एकच इन्व्हर्स काढ, पूर्ण, याच पद्धतीनं. शुक्रवारी मुद्दाम चूक करून बघ: एक कोफॅक्टर बिघडव, वही मिटून जेवून ये, आणि मग बिघडलेला शोध.

चौथ्या आठवड्यात समीकरणं आणि जुने पेपर. आपल्याच A ची समीकरणं घेऊ:

```
 x +  y + z = 6
2x -  y + z = 3
 x + 2y - z = 2
```

ॲडजॉइंट तयार आहे. त्यानं 6, 3, 2 ला गुणलं की 7, 14, 21 येतात, 7 नं भागले की x = 1, y = 2, z = 3. क्रेमरच्या पद्धतीनं कर, Dx, Dy, Dz तेच 7, 14, 21 येतील. तू करून बघ, मी इथं लिहीत नाही. प्रश्नात पद्धतीचं नाव दिलेलं असेल तर उत्तर त्याच पद्धतीनं लिहायचं, दुसरी पद्धत फक्त कच्च्या कामात तपासायला. पद्धत बदलली तर उत्तर बरोबर असूनही गुण जातात.

सगळ्यात शेवटी उत्तर मूळ समीकरणांत घालून बघायचं, आणि प्रश्नपत्रिकेवरच्या समीकरणांत, वहीत उतरवलेल्या नाही. कारण A · adj A ची तपासणी एक गोष्ट पकडू शकत नाही: आकडे उतरवतानाच चुकलेले असतील, तर चुकीच्या मॅट्रिक्सचा बरोबर इन्व्हर्स येतो. एखाद्या समीकरणात y नसेल तर तिथं 0 लिहायचा राहतो, किंवा z आधी आणि x नंतर दिलेला असतो. आधी तिन्ही समीकरणं x, y, z या क्रमानं परत लिहून काढ, मग मॅट्रिक्स कर. आणि |A| शून्य आला तर आधी आकडे नीट उतरलेत का ते बघ. उतरले असतील, तर इन्व्हर्स नसतो, तसं लिहून थांबायचं.

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या साइटवर जुने पेपर आणि त्यांची आदर्श उत्तरं मिळतात. उत्तरापेक्षा गुण कसे वाटलेत ते बघ. पायऱ्यांना वेगळे गुण असतात, म्हणून |A|, कोफॅक्टर, ॲडजॉइंट प्रत्येक स्वतंत्र ओळीवर दिसला पाहिजे. तपासणीचा गुणाकार उजव्या बाजूला कच्च्या कामात. या आठवड्यात दर दिवसाआड एक चार गुणांचं गणित घड्याळ लावून सोडव. पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील, घाबरू नकोस. पेपरच्या आदल्या आठवड्यात ते तपासणीसकट दहा-बारा मिनिटांत बसायला हवं. नाही बसलं, तर वेळ बहुतेक मायनरमध्येच जात असेल. मग शेवटचे तीन दिवस नवीन काही न घेता पहिल्या आठवड्यासारखे नुसते नऊ-नऊ कोफॅक्टर काढ.

पत्रात एखादं चुकलेलं गणित लिहून पाठवलं असतंस तर त्यातला कोफॅक्टर इथंच शोधला असता. पुढच्या वेळी पाठव, खाडाखोड तशीच ठेवून.